पदर उलटा करून दाखवा

दुकानाच्या काचेमागे दोन साड्या शेजारी-शेजारी लावलेल्या असतात. दोन्हींचा रंग राणी, काठ हिरवा, पदरावर बांगडी मोर. चार फुटांवरून पाहिले तर दोन्हींत फरक सांगता येणार नाही. एकीच्या चिठ्ठीवर ३,८०० रुपये लिहिलेले आहेत, दुसरीच्या चिठ्ठीवर २६,०००. मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आलेली बाई दोन्हींकडे पाहते आणि सरळ विचारते, “दोन्ही पैठणीच ना? मग एवढा फरक कशाचा?”

दुकानदाराकडे उत्तर द्यायला मिनिटभराचा वेळ असतो. छापील कार्डावर द्यायचे असेल तर शंभर-सव्वाशे शब्दांची जागा असते. महाग वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला हा एवढासा मजकूर लिहावाच लागतो, आणि बहुतेकदा तो असा लिहिला जातो : “दोन हजार वर्षांची राजेशाही परंपरा. कुशल कारागिरांनी मनापासून विणलेली, उत्कृष्ट दर्जाची, अस्सल पैठणी. प्रत्येक स्त्रीचे स्वप्न, पिढ्यान् पिढ्या जपावे असे महावस्त्र.”

यातले एकही वाक्य ३,८०० रुपयांच्या साडीवर लावता येणार नाही असे नाही. खरे तर तिथेही तेच लावलेले असते. पैठणचा, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानचा, सातवाहन काळापासूनचा इतिहास खरा आहे. पेशवाईत या वस्त्राला मान होता हेही खरे. पण यंत्रमागावर विणलेल्या साडीवरचा मोर त्याच परंपरेतून उचललेला असल्याने तिचा विक्रेताही तोच इतिहास तेवढ्याच जोरात सांगू शकतो. ‘उत्कृष्ट’, ‘अस्सल’, ‘राजेशाही’ या शब्दांचेही तेच. ते लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते सगळेच लिहितात, आणि गिऱ्हाईक ते वाचेनासे होते.

म्हणून हा मजकूर लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी. स्वस्त नकलेचा विक्रेता हेच वाक्य खोटे न बोलता लिहू शकतो का? लिहू शकत असेल तर ते वाक्य कितीही देखणे असले तरी काढून टाकावे. उरेल तेवढ्यावरच जास्त किंमत उभी राहते.

विकणाऱ्याला वस्तूची प्रत माहीत असते, घेणाऱ्याला ती ओळखता येत नाही. अशा बाजारात काय होते, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे काम होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर ते दोन्हींच्या मधली किंमत द्यायला तयार होते. त्या किमतीत खराब गाडीवाल्याचा फायदा होतो, पण चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही. हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. पैठणीच्या बाबतीत ही ‘मधली किंमत’ काढण्याचा मोह प्रत्येक गिऱ्हाइकाला होतो. “३,८०० नको, २६,००० ही नको, आठ-दहा हजारांत काही दाखवा” हे वाक्य दुकानदारांना तोंडपाठ असते. हातमागाच्या ज्या साडीत विणकराची काही आठवड्यांची मजुरी आहे, ती आठ हजारांत बसत नाही. जो मजकूर गिऱ्हाइकाला दोन साड्यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी ओळखायला शिकवतो, तोच या चक्रातून बाहेर काढू शकतो.

आणि पैठणीचे भाग्य असे की तिचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. तो पदराच्या मागच्या बाजूला असतो.

तो समजण्यासाठी मागावर काय चालते ते थोडे जवळून पाहावे लागेल. नाशिक जिल्ह्यातले येवले हे आज या विणकामाचे मोठे केंद्र आहे, आणि मूळ पैठणातही माग चालतात. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. साध्या कापडात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो आणि एक ओळ पुरी होते. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. तिथे जरीची जमीन असते आणि तिच्यावर रेशमाची रंगीत नक्षी. मोराच्या मानेचा निळा वेगळ्या कांडीवर, पिसाऱ्याचा हिरवा वेगळ्या, चोचीचा लाल वेगळ्या, आणि मोराभोवतीची जरही वेगळ्या कांडीवर. विणकर ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्याच धाग्यांतून निळी कांडी घालतो, आणि जिथे मान संपते तिथे निळा धागा शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. मग पुढचा रंग. एका आडव्या ओळीत अशा कितीतरी कांड्या आपापल्या जागेपुरत्या जाऊन परत येतात. ओळ पुरी झाली की फणी ठोकायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा मोजणी.

या पद्धतीचा एक परिणाम असा होतो की कुठलाच रंगीत धागा आपल्या जागेबाहेर जात नाही. म्हणून पदर उलटा केला तर मागेही तोच मोर, तेच रंग, तीच रेघ. लोंबणारे धागे नाहीत, कापलेली टोके नाहीत. सुलट बाजू कोणती हे क्षणभर शोधावे लागते.

यंत्रमागावरच्या साडीत मोर जॅकार्डने उठतो. तिथे नक्षीचा जादा धागा कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. हवा तिथे वर दिसतो आणि नको तिथे मागे सुटा पडून राहतो. विणून झाल्यावर हे सुटे धागे कातरतात. म्हणून तिच्या मागच्या बाजूला कातरलेल्या धाग्यांची लव हाताला लागते. काही साड्यांत धागे तसेच आडवे सोडलेले असतात आणि ते बांगडीत, अंगठीत अडकू नयेत म्हणून मागे जाळी लावून देतात. मागून मोर दिसतो, पण पुसट आणि उलट रंगांचा.

साडी विकणाऱ्याला याहून मोठा पुरावा दुसरा मिळणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. गिऱ्हाइकाने पदर हातात घेऊन उलटायचा, एवढेच. आणि हेच वाक्य, ‘पदर उलटा करून पाहा, दोन्ही बाजू सारख्या आहेत’, ३,८०० च्या साडीवर लिहिता येत नाही. तिथे ते लिहिले तर गिऱ्हाईक दुकानातच खोटे पाडेल.

इथे मात्र लिहिणाऱ्याने एका बाबतीत चोख असायला हवे. ‘मागे धागे दिसतात म्हणजे यंत्रमाग’ असे म्हणणे चुकीचे आहे. येवल्यातच हातमागावर जॅकार्ड बसवून विणलेली ब्रोकेड पैठणी मिळते. तिच्या काठाच्या किंवा पदराच्या मागे जादा बाण्याचे धागे दिसतात, तरी ती हातानेच विणलेली असते. ती लवकर विणून होते, म्हणून पारंपरिक विणीच्या पैठणीपेक्षा स्वस्त पडते आणि यंत्रमागाच्या साडीपेक्षा महाग. म्हणजे उलटा पदर वीण कोणती ते सांगतो, माग कोणता ते नेहमी सांगत नाही. जो विक्रेता आपल्या मजकुरात हा फरक गाळतो, तो शेजारच्याच विणकराच्या प्रामाणिक मालाला नक्कल ठरवतो.

आता रेशमाकडे. महाग साडीच्या कार्डावर ‘शुद्ध रेशीम’ असतेच, आणि स्वस्त साडीच्या कार्डावर ‘सिल्क’ असते. या ‘सिल्क’मध्ये पॉलिएस्टर असू शकते, व्हिस्कोस असू शकते, ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असू शकतो. हा फरक नजरेला पटकन कळत नाही, कारण आजचे पॉलिएस्टर छान चमकते आणि अंगावर चांगले पडते. जुनी खात्रीची परीक्षा जाळून पाहण्याची. साडीच्या टोकाच्या दशीतून एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवला, तर रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि मागे उरलेली राख बोटांत चुरली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो. दुकानात हे करायचे तर विक्रेत्यानेच त्याच लॉटच्या रेशमाचे चार-सहा धागे जवळ ठेवावेत. पण ते धागे याच साडीचे आहेत हे गिऱ्हाइकाने कशावरून मानायचे, हा प्रश्न राहतोच. तिथे सिल्क मार्क कामाला येतो. केंद्रीय रेशीम मंडळाने पुढाकार घेऊन २००४ मध्ये सुरू केलेले हे चिन्ह साडीला जोडलेले असते आणि त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो.

या चिन्हाचा अर्थही नेमका सांगायला हवा. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागाची आहे असे तो सांगत नाही. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही विणता येते आणि तिला सिल्क मार्क मिळू शकतो. हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बरेच विक्रेते एकच चिन्ह दाखवून तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्याचा भास निर्माण करतात. ज्याला आपली किंमत टिकवायची आहे त्याने असे करू नये. जाणते गिऱ्हाईक एक ढील पकडते आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

जरीच्या बाबतीत तर सर्वांत जास्त अतिशयोक्ती होते. ‘सोन्याची जर’ हे शब्द आजही कार्डावर सर्रास छापतात. पूर्वी खरी जर म्हणजे चांदीची तार, रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि सोन्याचे पाणी दिलेली. अशी जर आजही मिळते, पण ती घेतली की साडीची किंमत कुठल्या कुठे जाते. आज हातमागावरच्या बहुतेक पैठण्यांत त्याहून स्वस्त जर वापरतात. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली ‘टेस्टेड’ जर आहे, आणि अगदी स्वस्त साड्यांत चकाकणाऱ्या प्लास्टिकची जर आहे. जरीचे मोठे उत्पादन सुरतेला होते आणि तिथून ती येवल्याला येते. २६,००० रुपयांच्या साडीत खरी चांदीची जर नसेल, तर ‘टेस्टेड जर’ असे सरळ लिहावे. त्याने किंमत कमी होईल अशी भीती विक्रेत्याला वाटते. उलट घडते. आपल्या मालाची एक उणी बाजू विक्रेत्याने आपणहून सांगितली की गिऱ्हाइकाला बाकीची वाक्येही खरी वाटू लागतात, आणि इतरांनी ‘सोन्याची जर’ म्हणून विकलेल्या साडीकडे ते संशयाने पाहू लागते.

एवढे झाल्यावर किंमत. फरक दिसला, पण फरक म्हणजे बावीस हजार का, हे अजून सांगायचे राहिले आहे.

उदाहरणापुरता एक हिशेब मांडू. प्रत्यक्षात नक्षी, जर आणि पदराची लांबी यांप्रमाणे आकडे खूप बदलतात. धरून चालू की रेशीम, जर आणि रंगणावळ मिळून आठ हजार रुपये गेले. ताणा तयार करण्याला आणि नव्या ताण्याची टोके जुन्या ताण्याला एकेक करून जोडण्याला दीड हजार. विणकर चोवीस दिवस मागावर बसला आणि त्याची दिवसाची मजुरी पाचशे रुपये, म्हणजे बारा हजार. दुकानाचे भाडे, भांडवलावरचे व्याज, नोकर आणि नफा मिळून साडेचार हजार. बेरीज सव्वीस हजार. म्हणजे किमतीतला निम्म्याला थोडा कमी भाग एका माणसाच्या चोवीस दिवसांचा आहे. यंत्रमागावर हीच लांबी काही तासांत उतरते, म्हणून त्या साडीच्या किमतीत हा भाग जवळजवळ नसतोच.

या हिशेबातला कोणता आकडा मजकुरात घालावा? सगळे घातले तर कार्डाचा ताळेबंद होईल आणि गिऱ्हाईक नफ्याच्या ओळीवर घासाघीस सुरू करेल. एकच आकडा पुरतो : दिवस. ‘ही साडी विणायला चोवीस दिवस लागले’ हे वाक्य कोणालाही कळते आणि भागाकार गिऱ्हाईक मनात आपणच करते. मात्र हा आकडा उलट्या पदराच्या नंतर यायला हवा. आधी आला तर तो नुसता दावा राहतो, कारण चोवीस दिवस कोणी पाहिलेले नाहीत. पदर उलटला, प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जाऊन परत फिरलेला दिसला, की मग चोवीस दिवस का लागले हे वेगळे पटवावे लागत नाही. जे दिसते ते आधी, ते कसे घडले ते नंतर, त्याला किती वेळ लागला ते त्यानंतर, आणि किंमत शेवटी. हा क्रम बिघडला की तीच खरी माहिती बढाईसारखी वाचली जाते.

हा आकडा खरा असायला हवा आणि त्या साडीचाच असायला हवा. साध्या काठाची, लहान पदराची साडी काही आठवड्यांत उतरते. अंगभर बुट्टी आणि भरगच्च पदर असेल तर महिनोन् महिने जातात. म्हणून ‘पैठणीला सहा महिने लागतात’ असे सगळ्याच साड्यांवर छापणे म्हणजे खरी गोष्ट खोटी करून सांगणे होय. चांगले दुकानदार विणकराकडून माल घेतानाच माग कधी चढला आणि कधी उतरला याची नोंद घेतात. ती नोंद असली तर कार्डावरचा आकडा कोणीही खोडू शकत नाही.

याच ठिकाणी अनेक दुकाने आपलेच पाय तोडून घेतात. कार्डावर चोवीस दिवसांची मेहनत लिहितात आणि दारावर फलक लावतात : सर्व पैठण्यांवर ५० टक्के सूट. निम्मी किंमत सोडून देता येत असेल, तर वरच्या हिशेबातली मजुरी आधी खोटी होती किंवा आता विणकराला ती मिळणार नाही, एवढाच अर्थ गिऱ्हाईक काढते. सूट हे यंत्राच्या मालाचे हत्यार आहे. तिथे एक साडी आणखी काढायला खर्च थोडा येतो, म्हणून सूट परवडते. हातमागाच्या साडीवर मोठी सूट लावली की मजकुरातले प्रत्येक वाक्य गळून पडते. त्यापेक्षा किंमत ठाम ठेवून फॉल-पिको करून देणे, पहिल्या वर्षी एकदा पॉलिश करून देणे, सुटलेली दशी बांधून देणे, असे काही दिलेले बरे.

दुसरी चूक नक्कल करणाऱ्याला नावे ठेवण्याची. ‘बाजारातील बनावट मालापासून सावध राहा’ हे वाक्य वाचले की ३,८०० ची साडी घ्यायला आलेल्या बाईला वाटते, आपल्यालाच हिणवले. सेमी पैठणी म्हणून विकली जाणारी यंत्रमागाची साडी हा स्वतःच्या नावाने विकला तर रास्त माल आहे. डोहाळजेवणाला पाच-सहा बहिणींना एकसारख्या साड्या द्यायच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात नेसायची, रोजच्या गाडीच्या गर्दीतून हळदी-कुंकवाला जायचे, यासाठी तीच सोयीची. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणी घराघरांत हवीहवीशी केली. ती हौस सगळ्यांना हातमागावर भागवता येणार नाही. गुन्हा घडतो तो सेमी पैठणी हातमागाची म्हणून विकली की. मजकुरात तेवढेच म्हणावे, आणि तेही सौम्यपणे : आमच्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही उलटून पाहा.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. भौगोलिक मानांकन असलेल्या नावाचा खोटा वापर केल्यास १९९९ च्या कायद्यानुसार किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद होऊ शकते, सोबत दंडही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्डावरचे वाक्य ही जाहिरातच आहे, हे लक्षात ठेवून ते लिहावे.

हे सगळे ध्यानात घेऊन २६,००० रुपयांच्या साडीचे कार्ड असे लिहिता येईल :

“पदर उलटा करून पाहा. मागच्या बाजूलाही मोर तसाच दिसेल, कारण प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून त्याच्या जागेपुरताच विणला आहे. शेजारची ३,८०० रुपयांची साडीही उलटून पाहा. ती यंत्रमागावर होते आणि तिचे नक्षीचे धागे मागे कातरलेले असतात. ही साडी येवल्याच्या हातमागावर चोवीस दिवसांत विणून झाली. रेशीम शुद्ध आहे, सिल्क मार्कचा क्रमांक सोबत आहे. जर टेस्टेड आहे, चांदीची नाही. चांदीच्या जरीची साडी हवी असल्यास मागणीप्रमाणे विणून मिळेल, तिची किंमत वेगळी. या साडीची किंमत २६,००० रुपये. यातला जवळपास निम्मा भाग विणकराची मजुरी आहे, म्हणून वर्षभर हीच किंमत असते, सेल नसतो. माग, रेशीम आणि जर, तिन्ही आम्ही बिलावर लिहून देतो.”

यात ‘राजेशाही’ नाही, ‘स्वप्न’ नाही, सातवाहनही नाहीत. ज्याला इतिहास ऐकायचा असेल त्याला दुकानदार बसवून सांगेलच. कार्डावर तो जागा खातो आणि काहीच सिद्ध करत नाही. स्वस्त साडीचा उल्लेख आहे, पण तिच्या किमतीसह आणि तिच्या खऱ्या नावाने आहे. सर्वांत जड वाक्य शेवटचे आहे. बिलावर लिहून देण्याची तयारी ही नक्कल विकणाऱ्याला न परवडणारी गोष्ट आहे, कारण उद्या तेच बिल ग्राहक आयोगापुढे येऊ शकते.

‘पिढ्यान् पिढ्या टिकेल’ हेही मुद्दाम घातलेले नाही. आजीची पैठणी नातीने नेसल्याची उदाहरणे घरोघर आहेत, पण ती साडी नीट सांभाळली म्हणून टिकली. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले तर घडीच्या रेघेवर तडकते. जरीला अत्तर, घाम आणि ओल लागली की ती काळवंडते, आणि टेस्टेड जर चांदीच्या जरीपेक्षा लवकर काळवंडते. म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला दोन ओळी सांभाळण्याविषयी असाव्यात : मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, दर काही महिन्यांनी घडी बदला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर साडी नेसण्याआधी लावा. टिकण्याचा नुसता दावा कोणीही करतो. कशाने बिघडते हे मात्र ज्याने माल हाताळला आहे त्यालाच सांगता येते, आणि गिऱ्हाइकालाही ते जाणवते.

एवढे करूनही हा मजकूर प्रत्येकाला साडी घ्यायला लावणार नाही. ज्याच्याकडे पाच हजारच आहेत त्याला तो पटला तरी परवडणार नाही, आणि ते ठीक आहे. त्याचे काम वेगळे आहे. पंचवीस-तीस हजार घेऊन आलेल्या माणसाने संशयापायी दहा हजारांची कुठलीतरी मधली साडी उचलू नये, आणि तीस हजार देऊन यंत्रमागाची साडी घरी नेऊ नये, एवढे त्याला साधायचे असते. हे दुसरे नुकसान जास्त मोठे असते. एकदा असे फसलेले घर पुढची पंधरा वर्षे भाऊबंदांना सांगत राहते की पैठणीत काही खरे नाही, आणि त्याचा फटका येवल्यातल्या अशा विणकराला बसतो ज्याचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता.

लग्नसराईत पैठणी घ्यायला निघालेल्यांनी विक्रेत्याचे कार्ड वाचण्याआधी पदर उलटा करावा, सिल्क मार्कचा क्रमांक पाहावा, आणि पैसे देण्यापूर्वी बिलावर तीन शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत : माग कोणता, रेशीम कोणते, जर कोणती. जो दुकानदार ते लिहायला कचरेल, त्याच्याकडून महाग साडी घेऊ नये.